कबड्डी स्पर्धा पार पडली – निकाल, आभार आणि पुढच्या वर्षाची एक पुडी

फक्की_मास्तर
मंडळी, शनिवार-रविवारची स्पर्धा एकदाची पार पडली. आज बुधवार, अजून माझा आवाज बसलेलाच आहे आणि गमबुटात माती आहे. आधी निकाल टाकतो, कारण फोन करकरून लोकांनी जीव खाल्लाय.

१६ संघ, बाद पद्धत. अंतिम सामना वरची आळी विरुद्ध कोळीवाडा. पूर्ण वेळेत २७-२७ बरोबरी, मग पाच-पाच चढायांत आळीने ६-५ ने घेतला, म्हणजे ३३-३२. उपांत्य फेरीत आळीने नदीपलीकडच्यांना ३१-२४ ने आणि कोळीवाड्याने स्टेशनवाडीला २६-२५ ने हरवलं. पहिलं बक्षीस २५,००० आणि चषक, दुसरं १५,०००, उपांत्य हरलेल्या दोघांना प्रत्येकी ७,०००. उत्कृष्ट चढाई कोळीवाड्याच्या १० नंबरला, उत्कृष्ट पकड आळीच्या उजव्या कोपऱ्याला, आणि पब्लिक हिरो स्टेशनवाडीचा तो बारका पोरगा, ज्याने तिघांना घेऊन मध्यरेषेला हात लावला. त्याला सायकल मिळाली आणि तो ती तशीच चालवत रात्री घरी गेला, पाच किलोमीटर, प्लास्टिक पण न काढता.

मुलींचा एक प्रदर्शनीय सामना झाला, त्याबद्दल शेवटी.

आता आभार. देणगीदारांनी नावं नेटवर टाकू नका सांगितलंय, मैदानावर बोर्ड लागला तेवढं पुरे म्हणाले, म्हणून कामाने ओळखा. पहिलं बक्षीस मुंबईकर मंडळाचं, दुसरं नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांचं. लाईटचे चार टॉवर मंडपवाल्यांनी नुसत्या डिझेलवर दिले, भाडं शून्य. सायकल पोल्ट्रीवाल्या काकांची. डॉक्टर दोन्ही रात्री खुर्ची टाकून बसून होते, तीन घोटे आणि एक भुवई एवढ्यावर भागलं. जेवण बचत गटाच्या बायकांनी सांभाळलं, त्यासाठी घरटी एक शेर तांदूळ जमा केला होता. १६ संघांचे बाराबारा खेळाडू, वर पंच आणि आपली पोरं, एका रात्रीला सव्वादोनशे पान झालं आणि चवळीची उसळ दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला मिळाली नाही एवढी संपली.

पण खरे आभार मैदानवाल्या सात पोरांचे. तीन आठवडे रोज पहाटे. त्याबद्दल कुणी विचारलं तर सविस्तर लिहितो.

---

निशिगंधा
अभिनंदन सगळ्यांचं! दादा एक राहिलं, पाण्याचा टँकर. दोन्ही दिवस ज्यांनी फुकट आणून ओतला त्यांचं नाव बोर्डावर पण नव्हतं आणि इथे पण नाही.

फक्की_मास्तर
अरे देवा. खरंच राहिलं. चूक माझी, बोर्ड छापायला गेला तेव्हा टँकर ठरलाच नव्हता. उद्या घरी जाऊन नारळ देतो. मैदान त्या पाण्यावरच उभं होतं राव.

---

समुद्रावरचा
मास्तर, आयोजनाला नाव ठेवणार नाही, जेवण एक नंबर, पंच पण चांगले होते. पण शेवटची चढाई कोळीवाड्याची होती आणि आमच्या पोराने निदानरेषा ओलांडली होती हे मी रेषेवर उभा राहून बघितलंय. पाच-पाच चढायांत निदानरेषाच बोनस असते ना? मग एक गुण आमचा, ६-६, आणि पुढे सुवर्ण चढाई. लहान पोराला पण कळतं. माझ्याकडे व्हिडिओ आहे.

डावा_कोपरा
समुद्रावरचे, अर्धं बरोबर आहे. निदानरेषा बोनस होते हे खरं. पण नुसती ओलांडून भागत नाही, पुढचा पाय पलीकडे टेकला तेव्हा मागचा पाय हवेत पाहिजे. नेहमीच्या बोनसला असतो तसाच. मी टेबलामागे होतो, तुमच्या पोराचा मागचा पाय घसरला आणि जमिनीलाच चिकटून राहिला. पंचाने लगेच हात आडवे केले. पोरगा स्वतः पण काही बोलला नाही, मान खाली घालून आला.

बाकीच्यांसाठी गुण कसे पडले ते सांगतो, कारण गावात चार वेगवेगळ्या कथा फिरतायत. सामन्याची पहिली चढाई आळीची होती म्हणून इथेही आळी आधी. आळीने रेषा ओलांडून एक घेतला. कोळीवाड्याचा पहिला पकडला गेला, २-०. आळीचा दुसरा रिकामा. कोळीवाड्याच्या १० नंबरने रेषा पण घेतली आणि कोपऱ्याला हात पण लावला, २-२. पुढे दोघांनी एकेक घेतला. आळीच्या चौथ्याने रेषा घेतली पण परतताना पकडला गेला, दोघांना एकेक, ४-४. कोळीवाड्याचा चौथा एक घेऊन आला, म्हणजे तुम्ही ५-४ ने पुढे होता. मग आळीचा पाचवा रेषा आणि एक गडी घेऊन आला आणि ६-५. तुमच्या शेवटच्याला एक मिळाला असता तर बरोबरी, दोन मिळाले असते तर कप कोळीवाड्यात. रिकामा आला.

समुद्रावरचा
घसरला हे तुम्हीच म्हणताय ना. का घसरला? कारण ती बाजू ओली होती. उत्तरार्धात आम्ही पकडायला उभे होतो ती नारळाकडची बाजू ओली आणि आळीवाले मंडपाकडच्या कोरड्या बाजूला. पाच गुणांची आघाडी होती आमची मध्यंतराला, १४-९. ती कुठे गेली विचारा.

ठाणेकर_पुतण्या
काका पण मग शेवटच्या चढाईला तुमचा पोरगा आळीच्या अंगणात घसरला ना, म्हणजे कोरड्या बाजूला 😄

समुद्रावरचा
तोपर्यंत सगळंच ओलं झालं होतं. सव्वाबारा वाजले होते बाळा, तू तेव्हा गाडीत झोपला होतास.

---

फक्की_मास्तर
भांडू नका, समुद्रावरच्यांचा मुद्दा उडवण्यासारखा नाही. पाय हवेत होता की नाही हा पंचांचा निर्णय, त्यात मी पडत नाही. पण मैदान एका बाजूला जास्त ओलं झालं हे खरं आहे आणि ते मी माझ्या टाचेने तपासलंय. म्हणून आता मैदानाचं सांगतोच.

आपलं मैदान म्हणजे भाताचं खाचर. भात कापून झाल्यावर धसकटं उपटली, सहा इंच खणलं, ढेकळं फोडली, आणि सगळी माती चाळणीतून काढली, वाळूच्या चाळणीतून नाही, बारीक. खडा एक राहिला तर कुणाचा तरी गुडघा त्याला बरोबर सापडतो. खाचराची माती चिकट, वाळली की भेगा पडतात, म्हणून दोन ट्रॉली लाल माती मिसळली. मग रोज संध्याकाळी पाणी मारायचं आणि पहाटे रूळ फिरवायचा. संध्याकाळी का, तर रात्रभर पाणी खाली मुरतं. सकाळी पाणी मारून लगेच रूळ फिरवला की वर पापुद्रा धरतो, दिसायला गुळगुळीत, आणि पहिल्या पकडीत तो पापुद्रा उचलला जातो आणि खाली ढेकूळ. पहिल्या आठवड्यात आमच्या पोरांनी हेच केलं, उत्साहाच्या भरात, आणि एक पट्टा पुन्हा खणावा लागला.

रूळ कधी फिरवायचा हे टाचेवर ठरतं. टाच दाबली की ठसा उमटला पाहिजे पण माती टाचेला चिकटून वर यायला नको. चिकटली तर थांबायचं, ठसाच उमटला नाही तर उशीर झाला. बाकी यंत्र-बिंत्र काही नाही.

रविवारी रात्री दहाला हीच टाच मी चारही कोपऱ्यांत दाबली. मंडपाकडे ठसा. नारळाकडे माती टाचेला. तेव्हाच समजलो की दव धरलंय.

खाचरवाला
दव तर त्याच्या आधीच धरलं होतं. माझ्या मोटारसायकलची सीट साडेनऊला ओली होती. आणि फक्कीच्या रेषा बघितल्या का, पांढऱ्याच्या राखाडी झाल्या होत्या. रेषा काळवंडली की समजायचं.

ठाणेकर_पुतण्या
मग साधा उपाय आहे की, मॅट टाका. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली तेव्हापासून सगळे मॅटवर आलेत, आपणच अजून मातीत लोळतोय. दवाचा प्रश्नच मिटेल. मुंबईकर मंडळात मी शब्द टाकतो.

डावा_कोपरा
पुतण्या, मॅट टाक जरूर, पण दवासाठी नको. दव मॅटवर माती पेक्षा वाईट. माती निदान थोडं पाणी पिते. मॅटवर ते वरच बसतं, काचेसारखं. मी रायगडातच एका उघड्या मैदानावरचा मॅटचा सामना बघितलाय, दर दोन-तीन चढायांनी दोन पोरं फडकी घेऊन आत, आणि तरी एकाचा गुडघा गेला. टीव्हीवर दिसतं ते सगळं छपराखाली असतं, हे विसरू नको.

आणि मॅट म्हणजे एक सतरंजी नव्हे. एक-एक मीटरचे चौकोन दाते अडकवून जोडायचे, नुसतं मैदानच १३ बाय १०, म्हणजे १३० तुकडे झाले, वर बाहेरची जागा वेगळी. खालची जमीन पाण्यासारखी सपाट नसेल तर सांधे उघडतात आणि पायाचं बोट त्यात जातं. आपल्या खाचरावर टाकलीस तर दुसऱ्या सामन्याला सांधे उघडतील. शिवाय मॅटवर बूट लागतात. अनवाणी खेळलेली पोरं बूट घालून कोपऱ्यात उभी राहिली की पहिले चार सामने नुसती अडखळतात.

तरी मी मॅटच्या विरोधात नाही हां. जिल्ह्याच्या निवडीला जायचं तर पोरांना मॅटची सवय पाहिजेच. पण ती हॉलमध्ये.

ठाणेकर_पुतण्या
ओके ओके, शब्द परत घेतो. पण हॉलचा मुद्दा लिहून ठेवा.

---

वर्ध्याचा_गडी
नमस्कार, मी वर्ध्याकडचा, धागा वाचून रायवलं नाही. आमच्याकडे टेनिस बॉलच्या नाईट टुर्नामेंटमध्ये बी हेच होते, दव पडलं का बॉल ओला होते, स्पिनर बेकार होते, मंग जो टॉस जिंकते तो पहिली बॉलिंग घेते. आम्ही बॉल बदलवतो दर दोन ओव्हरनं. तुमच्याकडं कसं, बॉल कितीचा ठेवता?

फक्की_मास्तर
दादा इथे कबड्डी चालू आहे, बॉल नाहीये आमच्याकडे 😀 पण स्वागत आहे, बसा.

वर्ध्याचा_गडी
अर्रर्र. वरचा निकाल न वाचताच खाली आलो. २७-२७ वाचून मले वाटलं कमी रनांची मॅच. चालू द्या.

खाचरवाला
😂😂 पण त्यांचा टॉसचा मुद्दा बघा, समुद्रावरचे. आपल्याकडे पण नाणेफेकीला कुणी बाजू मागितली, कुणी चढाई मागितली?

समुद्रावरचा
नाणेफेक आळीने जिंकली आणि त्यांनी बाजू मागितली असती तर मला म्हणायला जागा होती. त्यांनी चढाई घेतली, बाजू आम्ही निवडली. मंडपाकडची. आमच्या बायका-पोरं तिकडे बसली होती म्हणून. मध्यंतराला बाजू बदलली आणि आम्ही ओल्यात. हे मात्र आमच्याच पोरांचं डोकं.

डावा_कोपरा
हे प्रामाणिकपणे लिहिलंत हे आवडलं.

---

निशिगंधा
एक विचारू? मंडपाकडची बाजू कोरडी का राहिली? मंडप तर मैदानाच्या बाहेर होता, आत कुठे होता.

फक्की_मास्तर
चांगला प्रश्न आहे. प्रेक्षकांच्या मंडपाचं कापड पुढे ओढून बांधलं होतं, दुपारचं ऊन पंचांच्या टेबलावर येऊ नये म्हणून. ते साधारण दोन-अडीच मीटर मैदानावर आलं होतं, उंचावरून. संध्याकाळी सोडायचं होतं, राहून गेलं. त्या कापडाखालची माती रात्री बारालाही कोरडी होती. मी फक्कीची रेषा चालत गेलो तर जिथे कापड संपत होतं तिथे बरोब्बर पांढऱ्याची राखाडी झाली होती, सुरीने कापल्यासारखी.

खाचरवाला
आमच्याकडे रोप रात्री झाकतात ते त्यासाठीच. दव पावसासारखं वरून पडत नाही, उघड्या आभाळाखाली जमीन रात्री निवते आणि हवेतलं पाणी तिच्यावर धरतं. वर नुसतं पातळ कापड असलं तरी जमीन तेवढी निवत नाही. ढग असले की दव नसतं, तेच कारण. आणि वारा असला तरी नसतं. आता मी म्हणतो तुमच्या देणगीदारांच्या फ्लेक्सनी चारही बाजूंनी वारा अडवला, म्हणून जास्त धरलं.

फक्की_मास्तर
देणगीदारांवर घेऊ नका हो, पुढच्या वर्षी मागायला मलाच जायचंय. त्या रात्री वारा मुळातच नव्हता. झेंडे लोंबत होते.

खाचरवाला
थोडा होता. समुद्राकडून. फ्लेक्सनी अडवला.

डावा_कोपरा
हे ठरणार नाही, सोडा.

---

बारका_पंच
मी नवा पंच आहे, पॅनेलवर नव्हतो, बघायला आलो होतो. मला एक खटकलं ते बोलतो. मध्यंतरात तुमची पोरं गोणीतून कोरडी माती आणून नारळाकडच्या बाजूला पसरत होती. चांगली गोष्ट. पण फक्त एका बाजूला पसरली आणि रूळ नाही फिरवला. वर भुसभुशीत थर आणि खाली ओलं, त्याने तर जास्त घसरतं. सामन्याच्या सरपंचांना विचारून केलं होतं का?

फक्की_मास्तर
विचारून केलं होतं, सरपंच स्वतः येऊन पाय घासून बघून गेले. पण बाकी तुमचं बरोबर आहे आणि ही आमची चूक मी मान्य करतो. स्पर्धेआधी चाळलेली माती १० गोण्या भरून ताडपत्रीखाली ठेवली होती, नेमकी अशा वेळेसाठी. त्यातल्या सहा मध्यंतरात ओतल्या. मध्यंतर पाच मिनिटांचं. पाच मिनिटांत सहा गोण्या पसरून फळीने ओढून होतात, रूळ फिरवायला वेळ नाही. खरं तर ही माती उपांत्य आणि अंतिमच्या मधल्या वीस मिनिटांत टाकायला हवी होती, तेव्हा रूळ पण फिरला असता. त्या वीस मिनिटांत आम्ही काय करत होतो? पाहुण्यांचा सत्कार.

समुद्रावरचा
🙏 एवढंच ऐकायचं होतं.

डावा_कोपरा
सत्काराचा विषय निघालाच आहे तर मी हिशेब मांडतो, मास्तरांनी राग मानू नये. रविवारी ४ ला पहिला सामना ठरला होता, सुरू झाला ५:१० ला. उद्घाटनाची भाषणं. त्या दिवशी एकाच मैदानावर आठ सामने होते. चार उपांत्यपूर्व, पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव, टाइमआऊट, ये-जा धरून पाऊण तास एकेक, म्हणजे ८:१०. मुलींचा सामना, ८:५०. दोन उपांत्य वीस-वीस मिनिटांच्या डावाचे, तासतास, १०:५०. आणि अंतिम ११:१० ला. भाषणं नसती तर अंतिम दहाला उभा राहिला असता. दव तेव्हाही थोडं होतंच, खाचरवाले म्हणतात तसं, पण मध्यंतरापर्यंत एवढी घसरगुंडी झाली नसती.

दहानंतर स्पीकर बंद, हाही त्याचाच भाग. अंतिम सामना समालोचनाशिवाय झाला, गुण पंचांच्या बोटांवर बघावे लागत होते. मागच्या लोकांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं की बरोबरी आहे. म्हणून तर चार कथा फिरतायत.

निशिगंधा
खरं सांगू का, स्पीकर बंद झाल्यावर मला सामना जास्त आवडला. चढाई करणाऱ्याचं कबड्डी कबड्डी ऐकू येत होतं. पकडीचा धप्प आवाज ऐकू येत होता.

ठाणेकर_पुतण्या
हे खरं आहे. मी गाडीत होतो तरी ऐकू येत होतं.

समुद्रावरचा
म्हणजे झोपला होतास हे कबूल.

---

फक्की_मास्तर
भाषणांचं काय करायचं ते समितीत बोलतोय. पाहुण्यांना न बोलावून चालत नाही, त्यातलेच दोघं देणगी देतात, हे पण समजून घ्या. एकाने सुचवलंय की उद्घाटन शनिवारी आणि सत्कार बक्षीस समारंभात, रविवारी मधे काहीच नाही. बघू.

पण नुसती भाषणं काढून सुटत नाही. डाव्या कोपऱ्याने मांडलं तसं आठ सामने एका मैदानावर म्हणजे साडेसहा-सात तास कुठे गेले नाहीत. दुपारी दोनला सुरू करायचं तर ऊन, आणि पोरं नोकरीवरून येतात त्यांचं काय. खरा उपाय एकच दिसतो, शनिवारीच उपांत्यपूर्व फेरी संपवायची. त्याला शनिवारी बारा सामने लागतात, म्हणजे दोन मैदानं.

बारका_पंच
दोन मैदानं म्हणजे पंचांचे दोन संच, हे धरलंय का? एका सामन्याला सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहाय्यक. सलग सामने असले तर बदली पण लागतात. जिल्हा असोसिएशनकडे आधीच लेखी मागावं लागेल, जानेवारीत प्रत्येक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे स्पर्धा असतेच. मानधन, प्रवास, जेवण दुप्पट.

फक्की_मास्तर
धरलंय. म्हणूनच अजून काही जाहीर करत नाही. मॅट वगैरे नाही, एवढं सांगतो. आणि मंडपवाल्यांशी बोलणं चालू आहे की पूर्ण मैदानावर उंच कापड ओढायला किती बांबू लागतील, मधे खांब न लावता. ते म्हणतात मधे खांब लागेलच. मी म्हणतो मधे खांब लागला तर मैदान कशाला, मल्लखांब भरवू. अडलंय तिथे.

खाचरवाला
तार ओढा टॉवरवरून टॉवरवर. लाईटचे चार टॉवर आहेतच की कोपऱ्यांना.

फक्की_मास्तर
टॉवर ओढ सहन करणार नाहीत, मंडपवाले म्हणाले. वर जनरेटरची वायर तिथूनच जाते. नको.

---

निशिगंधा
दादा पहिल्या पोस्टमध्ये म्हणालात पुडी सोडणार. आणि मुलींच्या सामन्याबद्दल शेवटी म्हणालात आणि लिहिलंच नाही.

फक्की_मास्तर
हो. मुलींचा सामना १८-१६ झाला. आम्ही तो "मधे थोडा विरंगुळा" म्हणून ठेवला होता, हे लिहायला आता लाज वाटतेय. रविवारचा सगळ्यात चुरशीचा पूर्वार्ध तोच. शेवटच्या मिनिटाला तीन जणी उरलेल्या असताना पकड झाली आणि पारडं फिरलं. बचत गटाच्या बायका जेवणाची पातेली सोडून रेषेवर आल्या, मागे आमटी लागली. खेळून झाल्यावर त्यांच्या कर्णधाराने माझ्याकडे येऊन फक्त एवढंच विचारलं, "काका, रेषा आमच्या का नव्हत्या?"

मला तेव्हा कळलंच नाही काय विचारतेय.

आता पुडी. काल शाळेच्या मागे टेप घेऊन गेलो होतो. १२ बाय ८ मोजलं आणि चार खुंट्या ठोकून आलो. बस्स, पुढे विचारू नका, देणगीदार अजून ठरायचेत.

ठाणेकर_पुतण्या
१२ बाय ८? सरावाचं मैदान का? १३ बाय १० बसत नसेल तिथे, मागे विहीर आहे.

समुद्रावरचा
स्टेजची जागा असणार. भाषणं मैदानाबाहेर नेली म्हणजे 😄

वर्ध्याचा_गडी
नेटची जागा तर नाही ना?

डावा_कोपरा
मी गप्प बसतो. पण मास्तर, निदानरेषा ३ मीटरवर आखा हां, सवयीने पावणेचारवर नका टाकू.

फक्की_मास्तर
तुम्ही गप्प बसलात ते दिसलं.

सातवी_खेळाडू
मी त्या सामन्यात होते. पहिल्यांदाच लिहितेय इथे. रविवारी आम्ही मुलांच्या मैदानावर खेळलो, निदानरेषा पाऊण मीटर लांब पडत होती, मैदान सगळीकडून मोठं, सात जणींना झाकता येत नव्हतं, तेच कर्णधार विचारत होती. १२ बाय ८ म्हणजे आमचं मैदान आहे. आईला आत्ता वाचून दाखवलं, ती म्हणाली मास्तरांना विचार, किती संघ घेणार आहेत, आणि तांदूळ घरटी दीड शेर लागेल का.

फक्की_मास्तर
आईला सांग, दोन शेर.